आवाज फाटतो कुठे, सूं येते कुठून

तीन-चारशे खुर्च्यांच्या सभागृहात भावगीतांची किंवा नाट्यसंगीताची मैफल असली की दोन तक्रारी हमखास येतात. तानपुरा लागला, सभागृह शांत झालं, की पुढच्या रांगांना स्पीकरमधून एकसारखी बारीक सूं ऐकू येते. मग गायिका तार षड्जावर पोचते आणि नेमका तिथे आवाज फाटतो. मध्यंतरात आयोजक साउंडवाल्याला गाठतात. तो कधी माइकला दोष देतो, कधी बॉक्स जुने झालेत म्हणतो, कधी पुढच्या वर्षी मोठा ॲम्प आणू म्हणतो. सामान बहुतेक वेळा ठीकच असतं. सूं आणि फाटणं ही एकाच चुकीची दोन टोकं आहेत, आणि ती चूक बटणांच्या जागांमध्ये असते. नवं सामान आणून बटणं जुन्याच जागी ठेवली, तर तक्रारीही जुन्याच राहतात.

आवाजाचा प्रवास कुठून कुठे होतो ते आधी पाहू. गायिकेच्या हातात शूअर कंपनीचा एसएम५८ आहे असं धरू. १९६६ सालापासून जगभरच्या स्टेजवर दिसणारा हा माइक. ती हळुवार गाते तेव्हा त्यातून साधारण २ मिलिव्होल्ट निघतात, म्हणजे एका व्होल्टचा पाचशेवा भाग. दुसऱ्या टोकाला ८ ओहमचा स्पीकर ५०० वॅटपर्यंत चालवायचा तर ॲम्पला ६३ व्होल्ट द्यावे लागतात. या दोन टोकांमध्ये माइकची तार, मिक्सर, इक्वलायझर आणि ॲम्प अशी रांग आहे. मोठ्या रिगमध्ये क्रॉसओव्हर किंवा प्रोसेसरही असतो, पण आपण आपली मैफल साधीच ठेवू. माइकचे मिलिव्होल्ट हजारो पटींनी वाढवायचे आहेत आणि ती वाढ या रांगेतल्या पेट्यांनी आपसात वाटून घ्यायची आहे. कोणी किती वाढवायचं, या वाटणीला गेन स्ट्रक्चर म्हणतात. वाटणी वेगवेगळ्या रीतींनी करूनही शेवटचा आवाज तेवढाच मोठा ठेवता येतो. म्हणून चुकलेली वाटणी पटकन लक्षात येत नाही. कार्यक्रम चालू असतो, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला असतो, फक्त त्याचा दर्जा गेलेला असतो.

प्रत्येक पेटी म्हणजे एक खोली समजा. तिला छत आहे आणि जमीन आहे. छत म्हणजे ती पेटी जास्तीत जास्त जेवढे व्होल्ट देऊ शकते ती मर्यादा. सिग्नल त्याच्या वर जाऊ लागला की लाटेचे शेंडे छतावर आपटून सपाट होतात. यालाच क्लिप होणं म्हणतात आणि कानाला ते फाटल्यासारखं ऐकू येतं. जमीन म्हणजे त्या पेटीची स्वतःची सूं, काहीही चालू नसताना रेझिस्टर आणि चिप्समधून येत राहणारी. ती शून्य कधीच होत नाही. सिग्नल जमिनीपासून भरपूर उंच पण छताला न लागता पुढच्या खोलीत जायला हवा. मागच्या खोलीत जमिनीजवळून सरपटत आलेला सिग्नल पुढे उचलला, तर तिथली सूंही त्याच्याबरोबर उचलली जाते. मागच्या खोलीत छताला घासून आलेला सिग्नल पुढे कितीही खाली आणला, तरी सपाट झालेले शेंडे परत टोकदार होत नाहीत. सूं आणि फाटणं, दोन्हींची निदानं या दोन गोष्टींतूनच निघतात.

आता या खोल्यांची मापं बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे. बऱ्याच व्यावसायिक ॲनालॉग मिक्सरचं छत १० व्होल्टच्या जवळपास असतं, तांत्रिक पत्रकात ते अधिक २२ डीबीयू असं लिहितात. चांगल्या इक्वलायझरचं छत थोडं बुटकं, ७.७५ व्होल्ट, म्हणजे अधिक २० डीबीयू. ॲम्पच्या मागे किंवा पत्रकात मात्र ‘सेन्सिटिव्हिटी १.४ व्होल्ट’ असं काहीतरी सापडेल. काही ॲम्पवर हा आकडा ०.७७५ असतो, काहींवर दोन्हींमधून निवड करायचा स्विच असतो. या आकड्याचा अर्थ असा की ॲम्पचं बटण पूर्ण उघडं असताना मागून १.४ व्होल्ट आले की ॲम्प आपल्या पूर्ण शक्तीला पोचतो. एका व्होल्टचा दहावा भाग जास्त आला तरी तो क्लिप होऊ लागतो.

म्हणजे मिक्सर १० व्होल्ट देऊ शकतो, इक्वलायझर पावणेआठ, आणि ॲम्प मात्र १.४ व्होल्टवरच भरतो. शिवाय बहुतेक व्यावसायिक मिक्सरच्या मीटरवर शून्य दिसतं तेव्हा बाहेर १.२३ व्होल्ट येत असतात. मीटरवरचं शून्य ही मिक्सरची कामाची जागा; तिथून वर मिक्सरकडे अजून १८ डेसिबल मोकळी उंची आहे. पण ॲम्प पूर्ण उघडा असेल तर मिक्सर शून्यावर आला की ॲम्प जवळजवळ भरलेलाच असतो. गायिकेच्या सरासरी आवाजालाच ॲम्प काठोकाठ भरला, तर तिची तान कुठे जाणार?

अशा वेळी ऑपरेटर एक गोष्ट करतो: मास्टर खाली ओढतो. मिक्सरच्या मीटरचे तळाचे दोन-तीन हिरवे दिवेच लुकलुकत राहतात, ॲम्प फाटत नाही, काम चालतं. मात्र मास्टरच्या पुढे मिक्सरचं आउटपुट आणि इक्वलायझर यांची जी सूं आहे ती मास्टर ओढल्याने कमी होत नाही. सिग्नल लहान झाला, सूं तेवढीच राहिली, आणि पूर्ण उघडा ॲम्प दोन्हींना पूर्ण ताकदीने मोठं करतो आहे. तानपुऱ्याबरोबर ऐकू येणारी सूं इथली.

‘ॲम्प फुल ठेवायचा आणि मिक्सरवरून कंट्रोल करायचं’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही साउंडच्या टेम्पोत ऐकू येईल. ते धरून बसण्यामागे एक गैरसमज आहे: ॲम्पचं बटण म्हणजे शक्तीचं बटण, अर्ध्यावर ठेवलं तर ५०० वॅटच्या ॲम्पमधून २५० वॅटच मिळणार आणि विकत घेतलेले वॅट वाया जाणार. खरं तर बाजारातल्या बहुतेक पॉवर ॲम्पवरचं बटण आत येणारा सिग्नल कमी करतं, एवढंच. त्याने ॲम्पची शक्ती कमी होत नाही. पूर्ण शक्तीला पोचायला किती व्होल्ट लागतील हे बदलतं. बटण १५ डेसिबल खाली आणलं तर पूर्ण ५०० वॅटसाठी १.४ ऐवजी सुमारे पावणेआठ व्होल्ट लागतील. मिक्सरकडे ते आहेत. वॅट एकही कमी झाला नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी: बटण अर्ध्यावर ठेवल्याने स्पीकर सुरक्षित होत नाही. कोणी मास्टर वर ढकलला तर तोच ॲम्प तेवढीच पूर्ण शक्ती त्या स्पीकरमध्ये ओतेल. स्पीकरचं रक्षण हे लिमिटरचं काम आहे.

आता आपल्या मैफलीचा हिशेब करून बघू. ॲम्प ८ ओहमला ५०० वॅटचा, म्हणजे पूर्ण उघडा असताना १.४ व्होल्टचे ६३ करणारा, ४५ पट वाढवणारा. मास्टरच्या पुढची, आउटपुट आणि इक्वलायझर मिळूनची सूं धरू ०.०५ मिलिव्होल्ट. हे चांगल्या सामानाचं माप आहे, स्वस्त इक्वलायझरमध्ये याहून बरीच जास्त असते. पूर्ण उघड्या ॲम्पमधून तिचे सव्वादोन मिलिव्होल्ट होतात. स्पीकर एका वॅटला एका मीटरवर ९८ डेसिबल देणारा असेल, तर ही सूं एका मीटरवर ३५ डेसिबलच्या आसपास निघते. शांत सभागृहाचा स्वतःचा आवाज तीस-पस्तीस डेसिबल असतो. सूंचा स्वर वरच्या पट्टीतला असल्यामुळे ती त्यातून वेगळी ऐकू येते. ॲम्पचं बटण १५ डेसिबल खाली आणलं की तीच सूं २० डेसिबलवर येते आणि सभागृहाच्या शांततेखाली बुडून जाते. साउंडवाल्याला यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागला नाही.

आवाज पुरेल का, ही रास्त शंका. बटण तसं ठेवून मिक्सर शून्यावर, म्हणजे १.२३ व्होल्टवर चालवला तर ॲम्प आपल्या छतापासून १६ डेसिबल खाली असतो आणि स्पीकरला सरासरी १२ वॅट देतो. बारा वॅट हा आकडा ऐकून कोणी हसेल, पण ९८ डेसिबलच्या स्पीकरमधून ते एका मीटरवर १०९ डेसिबल होतात आणि दहा मीटरवर ९० च्या आसपास. नाट्यगीताला ते भरपूर आहे. उरलेले शेकडो वॅट तबल्याच्या थापेसाठी आणि तानेच्या टोकासाठी राखून ठेवलेले असतात. ते क्षणभरच लागतात, पण त्या क्षणी नसले तर आवाज फाटतो. मैदानावरच्या ऑर्केस्ट्राला हा हिशेब पुरत नाही. तिथे जनरेटरच्या घरघरीत सूं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून ॲम्प पाच-सहा डेसिबल जास्त उघडला तरी बिघडत नाही. शिस्त त्याच प्रकारची राहते, आकडे बदलतात.

बटण फार खाली आणण्यालाही मर्यादा आहे. बऱ्याच ॲम्पमध्ये बटणाच्या आधी एक छोटी इनपुट पायरी असते आणि तिचं छतही ८-१० व्होल्टच्या आसपास असतं. ॲम्प २५ डेसिबल खाली आणून मिक्सर लाल दिव्यांत चालवला तर ही पायरी बटणाच्या आधीच फाटेल, आणि काही ॲम्पवर क्लिपचा दिवाही लागणार नाही, कारण तो दिवा शेवटच्या पायरीवर नजर ठेवून असतो. आवाज फाटलेला, सगळे दिवे हिरवे. हे शोधायला रात्र जाते.

ॲम्प झाला, आता रांगेच्या दुसऱ्या टोकाला येऊ. मिक्सरवर प्रत्येक चॅनलच्या अगदी वर जे गेनचं बटण असतं ते सगळ्यांत महत्त्वाचं. माइकचे मिलिव्होल्ट जिथे व्होल्टांत बदलतात ती ही जागा. इथे सिग्नल जमिनीपासून जेवढा वर उचलला जातो, त्याहून चांगला तो पुढे कधीच होत नाही.

आपली गायिका हळुवार गाताना २ मिलिव्होल्ट देते. तार सप्तकात जोर लावते तेव्हा सरासरी १० मिलिव्होल्टपर्यंत जाते, आणि लाटेचे शेंडे त्याहून कितीतरी उंच. गेन २५० पट, म्हणजे ४८ डेसिबल ठेवला तर हळुवार ओळ अर्ध्या व्होल्टवर येते आणि जोराचा सूर अडीच व्होल्टवर. मीटरवर हळुवार ओळ शून्याच्या आठ डेसिबल खाली दिसेल, जोराचा सूर सहा वर. शेंड्यांना मिक्सरच्या छतापर्यंत जागा आहे. आता मिक्सरच्या पोटात, सगळे चॅनल एकत्र होतात तिथे, साधारण ०.०५ मिलिव्होल्टची सूं असते. माइकच्या पायरीची स्वतःची सूं मिळवली तर ती ०.०९ होते. हळुवार ओळ या सूंपेक्षा पाच हजारांहून जास्त पटींनी मोठी आहे.

समजा ऑपरेटर भित्रा आहे. लाल दिवा लागू नये म्हणून त्याने गेन १५ पटींवरच ठेवला. हळुवार ओळ आता फक्त ३० मिलिव्होल्टची. मिक्सरच्या पोटातली सूं तेवढीच आहे, म्हणून ओळ सूंच्या सहाशे पटच उरली. कमी पडलेला आवाज तो फेडर वर ढकलून, मास्टर वर ढकलून, ॲम्प उघडून भरून काढणार. सभागृहात गाण्याचा आवाज तेवढाच येईल, पण त्याच्यामागची सूं आधीपेक्षा नऊ पट असेल. सुरक्षित वाटणारी ही सवय मला लाल दिव्यात चालवण्याच्या सवयीपेक्षा जास्त पसरलेली दिसते, कारण तिच्यात काही फुटत नाही आणि म्हणून तिला कोणी पकडत नाही.

उलट गेन जास्त झाला तर चॅनलची पहिली पायरीच फाटते. याची खूण सोपी आहे. फेडर खाली ओढा. आवाज लहान झाला पण फाटलेलाच राहिला, तर बिघाड फेडरच्या आधी आहे, गेनवर. फेडर किंवा मास्टर खाली ओढल्यावर आवाज स्वच्छ झाला, तर फाटणं पुढे कुठेतरी होतं, बहुधा ॲम्पवर.

गेन लावायची रीत अशी. ॲम्पची बटणं बंद. चॅनलचा फेडर आणि मास्टर दोन्ही शून्याच्या खुणेवर. ही खूण ‘इथे वाढ नाही, घट नाही’ असं सांगते. मग चॅनलचं पीएफएलचं बटण दाबायचं, म्हणजे मीटरवर तो एकच चॅनल, फेडरच्या आधीचा, दिसू लागतो. गायिकेला तिच्या कार्यक्रमातली सगळ्यांत जोराची ओळ म्हणायला सांगायची आणि सरासरी शून्याच्या आसपास, जोर चार-सहा वर, असा गेन लावायचा. अडचण इथे माणसांची असते. साउंड चेकला लोक ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणतात किंवा अर्ध्या आवाजात ओळ गुणगुणतात, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात समोर भरलेलं सभागृह दिसलं की त्याच्या दुप्पट-तिप्पट जोराने गातात. म्हणून अनुभवी लोक साउंड चेकला लागलेला गेन आठ-दहा डेसिबल खाली आणून ठेवतात. मला हे पटतं. माणसाचा उत्साह मीटरवर आधी दिसत नाही.

तबल्याला आणखी वेगळा हात लागतो. थाप इतकी क्षणिक असते की काट्याचं किंवा सरासरी दाखवणारं मीटर तिच्यापर्यंत पोचतच नाही. मीटर शून्याखाली दिसत असतं आणि थाप छताला लागलेली असते. तिथे मीटरपेक्षा चॅनलवरच्या पीकच्या लाल दिव्याकडे बघावं. तो बहुतेक मिक्सरवर खऱ्या छताच्या काही डेसिबल आधीच लागतो, म्हणून जोराच्या थापेला अधूनमधून चमकला तर घाबरण्याचं कारण नाही. सलग लागून राहिला तर गेन खाली. हार्मोनियम आणि तानपुरा यांचा आवाज एकसारखा वाहतो, तिथे मीटरवर विश्वास ठेवता येतो.

जो माइक वापरात नाही तो बंद ठेवावा, ही सूचना सगळे देतात पण कारण सांगत नाहीत. उघडे माइक दुप्पट झाले की त्यांच्या पायऱ्यांची सूं ३ डेसिबलने वाढते. निवेदकाचा, पाहुण्यांच्या सत्काराचा, कोरसचे चार असे माइक विसरून उघडे राहिले, तर एका माइकवर जमवलेली शांतता आठ माइकांनी ९ डेसिबल खर्च केलेली असते.

मधल्या इक्वलायझरबद्दल थोडक्यात. त्याचं लेव्हलचं बटण असं लावायचं की बायपास दाबला किंवा सोडला तरी आवाजाची पातळी तेवढीच राहावी. आणि त्याच्या पट्ट्या वर ढकलण्याआधी लक्षात असू द्यावं की एक पट्टी १२ डेसिबल वर नेली की त्या स्वरांसाठी त्याचं छत १२ डेसिबलने जवळ आलं. बेस भरदार लागावा म्हणून खालच्या चार पट्ट्या वर नेलेला इक्वलायझर मिक्सर आणि ॲम्प दोन्ही निवांत असताना एकटाच फाटतो.

कोणत्या पेटीचं छत कुठे आहे हे पत्रक नसताना शोधायची एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पिझो ट्विटर सहज मिळतो. हा ट्विटर खालचे स्वर जवळजवळ वाजवतच नाही. मिक्सरला ४०० हर्ट्झचा शुद्ध सूर द्यायचा, मिक्सरच्या आउटपुटला पिझो जोडायचा, सोबत शंभरेक ओहमचा रेझिस्टर एका मागोमाग एक जोडून, आणि पातळी हळूहळू वाढवायची. सूर स्वच्छ आहे तोवर पिझो जेमतेम कुजबुजतो. मिक्सर छताला लागला, लाटेचे शेंडे सपाट झाले, की त्या शुद्ध सुरात मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि पिझो एकदम किरकिरतो. तिथून जरा मागे आलात की छत सापडलं. मग तोच ट्विटर इक्वलायझरच्या आउटपुटला लावायचा. तिथे किरकिर आली, तर इक्वलायझर मिक्सरच्या आधी फाटतो आहे असं समजायचं आणि पातळी त्याच्या मापाने ठरवायची.

ॲम्पला मात्र पिझो जोडू नये, साठ व्होल्ट त्याला सोसवत नाहीत. ॲम्पची तपासणी त्याच्या क्लिपच्या दिव्याने करावी, आणि स्पीकरच्या तारा काढून, कारण पूर्ण शक्तीचा सलग सूर कॉइल जाळू शकतो. मागच्या पेट्या छताच्या जरा खाली आणून ठेवायच्या, ॲम्पचं बटण बंदपासून हळू उघडायचं, क्लिपचा दिवा लुकलुकला की थांबायचं, आणि मग दोन-तीन डेसिबल मागे. मागे येण्याचं कारण आपल्याकडे विशेष आहे. स्पीकर जोडल्यावर ॲम्पचं छत थोडं खाली येतं, आणि वीज खाली आली तर आणखी. तालुक्याच्या सभागृहात संध्याकाळी २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील, तर जड ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या ॲम्पचे ५०० वॅट ३८० च्या आसपास उरतात. दुपारी तपासलेलं छत रात्री त्याच उंचीवर नसतं.

क्लिप होण्याला एवढं घाबरायचं कशाला, तर कारण फक्त कानाचं नाही. लाट सपाट झाली की तेवढ्याच उंचीत जास्त ऊर्जा मावते. पूर्ण चौकोनी झालेली लाट साध्या सुराच्या दुप्पट शक्ती देते. शिवाय नव्याने तयार झालेले वरचे स्वर स्पीकरच्या आतल्या क्रॉसओव्हरमधून थेट छोट्या ड्रायव्हरकडे जातात, ज्याची शक्ती झेलायची ताकद बेसच्या मानाने फार थोडी असते. लग्नाच्या वरातीत टॉप उडतात ते बहुतेक असेच, बेस तसाच धडधडत राहतो आणि शब्द ऐकू येणं बंद होतं.

सूं आलीच तर ती शोधायला उपकरण लागत नाही. मास्टर बंद करा आणि ॲम्पची बटणं बंद करा. तरीही सूं आहे? मग ती ॲम्पचीच, आणि तिच्यावर बटणांचा इलाज नाही. ॲम्प उघडल्यावर आली तर ती मास्टरच्या पुढची, इक्वलायझरच्या बाजूची. मास्टर वर केल्यावर वाढली तर मिक्सरच्या पोटातली किंवा कुठल्यातरी चॅनलची, आणि मग एकेक चॅनल बंद करत जायचं. मात्र आवाज सूंऐवजी ‘हं’ असा जाड, खालच्या स्वरातला असेल तर तो अर्थिंगचा किंवा तारेचा प्रश्न आहे. गेन कितीही फिरवला तरी तो सुटणार नाही.

शिट्टीचंही तसंच. शिट्टी माइकपासून स्पीकरपर्यंत आणि स्पीकरपासून परत माइकपर्यंत होणाऱ्या एकूण वाढीवर ठरते, वाटणीवर नाही. गेन ६ वाढवून फेडर ६ कमी केला तर मुख्य स्पीकरची शिट्टी होती तिथेच राहते. पण गेनला हात लावण्यात एक धोका आहे जो मुख्य स्पीकरमध्ये ऐकू येत नाही. स्टेजवरच्या मॉनिटरला जाणारा सिग्नल सहसा फेडरच्या आधी आणि गेनच्या नंतर घेतलेला असतो. कार्यक्रम चालू असताना गेन बदलला की सभागृहाला काही कळत नाही आणि गायिकेचा मॉनिटर एकदम मोठा होतो, किंवा तिथे शिट्टी वाजते. म्हणून गेन साउंड चेकला लावून सोडून द्यायचा. कार्यक्रमात हात फेडरवर.

आता डिजिटल मिक्सर सगळीकडे आले आहेत आणि त्यांच्या मीटरने नवा घोळ घातला आहे. ॲनालॉग मीटरवर शून्य म्हणजे कामाची जागा होती, डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे छत, त्याच्यावर काहीच नाही. जुन्या सवयीने सरासरी शून्याजवळ नेणारा माणस तिथे प्रत्येक थाप फाडतो. डिजिटलवर सरासरी उणे १८ च्या आसपास ठेवली की जुन्या शून्याएवढी मोकळी उंची वर राहते. बाकी हिशेब, ॲम्पच्या बटणासकट, जसाच्या तसा.

हे सगळं लावून झाल्यावर ॲम्पच्या बटणांच्या जागी पांढऱ्या कागदी टेपवर पेनाने खूण करून ठेवावी. कारण पुढच्या गावी टेम्पोतून रॅक उतरवताना कोणीतरी मदतीच्या भावनेने ती बटणं फुल करणारच आहे.